वरून भाकरी शूट करताना परातीत सावली पडते, काय करावं?

मीरा_परभणी

नमस्कार मंडळी. आईच्या हातच्या भाकरीचा व्हिडिओ करायचा आहे, आणि तो बरोबर वरून, म्हणजे परात, पीठ आणि तिचे दोन हात एवढंच दिसेल असा. दोन महिन्यांपासून दर रविवारी प्रयत्न करतेय आणि दर वेळी काहीतरी बिघडतंय.

आत्ता असं आहे: आमचा ओटा भिंतीला लागून. आई ओट्याकडं तोंड करून उभी राहते. ट्यूबलाइट तिच्या पाठीमागच्या भिंतीवर, उंचावर. डाव्या हाताला एक छोटी खिडकी. ओट्याच्या कडेला वळणाऱ्या मानेचा मोबाइल होल्डर अडकवलाय आणि फोन परातीच्या वर दोन फुटांवर. व्हिडिओत आईच्या डोक्याची आणि दोन्ही हातांची काळी सावली थेट पिठावर पडते. उंडा कुठं आणि सावली कुठं, कळत नाही. म्हणून रिंगलाइट आणला, तो फोनभोवती लावला. सावली बरीच गेली, पण स्टीलच्या परातीत पांढरं कडं दिसायला लागलं आणि पीठ नुसतं पांढरं फटक, कणीच दिसत नाही.

शिवाय आईनं थाप मारली की सगळं चित्र हलतं. प्रत्येक थापेला. आणि ट्यूब चालू असली की चित्रावरून आडवे पट्टे सरकतात.

खर्चाची तयारी दीड-दोन हजारांची आहे. आई बासष्टची आहे. तिच्या भाकरीला जो पापुद्रा येतो तो मला नीट टिपून ठेवायचा आहे. कुणी केलंय का असं?

सागर_जालना

ताई, रिंगलाइट बरोबरच आहे, तुम्ही छोटा घेतलाय. १८ इंची घ्या आणि स्टँडवर लावा. मोठ्या रिंगला सावली पडत नाही, आमच्या इथले सगळे तोच वापरतात. आणि फोनमध्ये ०.५ करून शूट करा. पूर्ण ओटा येतो, हात फ्रेमबाहेर जातच नाहीत.

नलूमावशी

बाई, सावलीचं सोड. भाकरी थापताना चिरते का ते सांग. पीठ जुनं असलं की चिरते. दळून आठ-दहा दिवस झाले की ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा जातो. मग उकळतं पाणी घालून मळायचं. आणि पीठ मालदांडीचं घे, हायब्रीडचं नको.

मीरा_परभणी

मावशी, भाकरी चिरत नाही हो, आई सांभाळते ते. प्रश्न व्हिडिओचा आहे. पण उकळत्या पाण्याचं तिला विचारते, ती कोमट घेते.

सागर, ०.५ करून पाहिलं. परात अंड्यासारखी लांबट येते आणि आईची मनगटं फ्रेमच्या कडेला ताणल्यासारखी दिसतात.

लातूरचा_मास्टर

मी शिवणकाम शिकवतो, स्वयंपाक नाही. पण ब्लाउजचं कटिंग वरूनच शूट करतो, त्यामुळं हे सगळं भोगून झालंय. तुमचं चित्र हलतंय कारण होल्डर ओट्यालाच बांधलाय. ज्या ओट्यावर थाप बसते त्याच ओट्यावर कॅमेरा उभा आहे, मग हलणारच. माझ्या कटिंगच्या टेबलावर कात्री चालली तरी चित्र थरथरायचं. शेवटी छताच्या पंख्याच्या कडीतून पाइप सोडला. पण पंखा काढून, बरं का. पंखा असताना त्याच कडीला काही लटकवू नका, पाइपसकट फोन डोलत राहतो.

गंगाखेडचा_गण्या

मास्टर, उन्हाळ्यात परभणीत पंखा काढून व्हिडिओ? ताई, आईला आधी विचारा. 😄

नांदेडचा_फोटोवाला

मीराताई, मी तीस वर्षं लग्नं आणि पाच-सहा वर्षं हॉटेलांच्या मेन्यूचे फोटो केलेत. तुमचे तीन प्रश्न आहेत: सावली, हलणं, पट्टे. तिन्हींचं मूळ एकच आहे, जागा चुकली आहे. आधी सावलीचं सांगतो.

सावली घालवायची नसते, ती कुठं पडावी हे ठरवायचं असतं. तुमची ट्यूब आईच्या पाठीमागं आहे. उजेड मागून येतो, वाटेत आईचं डोकं, खांदे, हात, आणि त्यांची सावली पुढं म्हणजे परातीत. आता उलटं करा. उजेड आईच्या समोरून येऊ द्या. मग हातांची सावली आईच्याच दिशेनं, मनगटाखाली आणि मांडीवर जाईल. फ्रेममध्ये हात खालून वर येतात असं धरा, तर उजेड फ्रेमच्या वरच्या कडेकडून यायला हवा. सावली तेव्हाही असते, पण ती हाताखालीच दडते आणि पिठावर दिसत नाही.

ओट्यावर हे जमणार नाही, कारण आईच्या समोर भिंत आहे. डावीकडची खिडकी चालेल, पण मग सगळ्या सावल्या उजवीकडं जातील आणि उजव्या हाताच्या बोटांखाली अंधार येईल. तो अंधार कमी करायला उजवीकडं पांढरी थर्माकोलची शीट उभी करावी लागेल, परातीपासून वीतभर अंतरावर.

माझा सल्ला, ओटा सोडा. आई खाली बसून भाकरी थापते का?

मीरा_परभणी

काका, थापते की! गावाकडच्या घरी अजून खालीच बसून थापते. ओट्यावर तिला जमतं, पण आवडत नाही. ओट्यावर जोर लागत नाही म्हणते.

आमच्या ओसरीचं दार उत्तरेकडं आहे. तिथं बसवू का?

नांदेडचा_फोटोवाला

उत्तरेचं दार! मग अजून दिवा कशाला विकत घेताय. आईला दाराकडं तोंड करून बसवा, उंबऱ्यापासून तीन-चार फूट आत. सकाळी नऊ-साडेनऊ ते अकरापर्यंतचा वेळ धरा. उत्तरेच्या दारातून थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो. दार सहा-साडेसहा फूट उंच, म्हणजे तो एवढा मोठा दिवा झाला. दिवा जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावलीची कड मऊ. छोट्या बल्बनं कापल्यासारखी सावली पडते ती त्यामुळंच.

ट्यूब बंद ठेवा, घरातला पिवळा बल्बही बंद. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की भाकरी अर्धी निळसर आणि अर्धी पिवळी दिसते, नंतर ते दुरुस्त होत नाही. आणि ट्यूब बंद झाली की तुमचे पट्टेही गेले. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, फोनच्या शटरला कळतं. संध्याकाळी दिव्यावरच शूट करायचं झालं तर ओपन कॅमेरासारखं मोफत ॲप घेऊन शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवा. ऑटोवर ठेवलं आणि उजेड भरपूर असला की फोन शटर १/२५० वगैरे करतो, आणि पट्टे तिथून सुरू होतात.

सागरभाऊ, रिंगलाइटबद्दल. चेहऱ्यासाठी तो चांगला. पण खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याभोवती दिवा लावला की त्याचा उजेड सरळ खाली जातो आणि स्टील, तेल, तर्री, जे काही सपाट चकाकतं त्यावरून सरळ परत लेन्समध्ये येतो. म्हणून ते कडं दिसतं. उजेड कडेनं, खालच्या कोनातून आला तर तो चकाकीवरून पलीकडं उडून जातो. शिवाय रिंगनं सावली अगदी पुसली की पिठाची कणी, उंड्याची गोलाई, भाकरीची कड, काहीच उठून दिसत नाही. थोडी सावली हवीच. मीराताईंचं पीठ फटक पांढरं का झालं ते यात आलं.

सागर_जालना

काका, मान्य. पण माझी रेसिपी चिवड्याची होती आणि भांडं पितळेचं, म्हणून मला कडं दिसलं नसेल. अंधाऱ्या खोलीत काहीच नसलं तर रिंग बरा, एवढं तरी माना.

नांदेडचा_फोटोवाला

तेवढं मानतो. पण तो फोनभोवती न लावता समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून लावा. भिंतीवरून परत आलेला उजेड वापरा.

देवगिरी७

मला या वरून शूटिंगचंच पटत नाही. भाकरी थापताना बघायचं ते आजीचं बसणं, मानेचा झोका, चुलीचा जाळ. नुसते हात दाखवले की तो कुणाचाही हात होतो. आमच्या आजीचे दोन व्हिडिओ आहेत, दोन्ही समोरून, कॅमेरा हलतोय, उजेड वाईट, तरी आम्ही तेच बघतो.

अंबाजोगाईची_वैशाली

देवगिरीदादा, आठवणीसाठी तुमचं बरोबर आहे. पण शिकायचं असेल तर वरूनच पाहिजे. माझ्या पुण्यातल्या भाचीला मी समोरून व्हिडिओ पाठवला होता. तिला बोटं कुठून सुरू होतात आणि भाकरी कशी फिरते तेच कळलं नाही, कारण समोरून हात उलटे दिसतात. वरून, स्वतःच्याच डोळ्यांनी बघितल्यासारखं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं थापली.

मीरा, म्हणूनच एक लक्षात ठेव. हात फ्रेमच्या खालच्या कडेनं आत आले पाहिजेत. कॅमेरा वरच असला तरी फोन उलटा लावला तर हात वरून खाली लोंबतात आणि बघणाऱ्याला वाटतं, समोर कुणीतरी बसलंय. मी पहिले चार व्हिडिओ तसेच केले होते, नंतर एडिटिंगमध्ये फिरवले. आणखी एक, फोन सरळ खाली बघत असला की त्याला आडवं-उभं कळत नाही. आधी फोन चेहऱ्यासमोर धरून रेकॉर्डिंगची दिशा ठरव, मग खाली वळव.

मीरा_परभणी

हे वाचून रविवारी ओसरीत प्रयत्न केला. अर्धं जमलं!

दोन उंच स्टूल आईच्या दोन्ही बाजूंना, त्यावर पडद्याचा पाइप आडवा, पाइपला मोबाइलचा क्लॅम्प. स्टूल फरशीवर आणि परात पाटावर, त्यामुळं थापेचा हादरा पाइपाला लागत नाही. सावली पिठावरून गेली, खरंच आईच्या मांडीवर गेली! इतकं बरं वाटलं.

पण दोन गोष्टी बिघडल्या. आई वाकून जोर लावते तेव्हा तिचं डोकं मधेच फ्रेममध्ये येतं, केसांचा अंबाडाच दिसतो. आणि आईचा हात परातीत आला की चित्र एकदम उजळतं, हात बाहेर गेला की काळवंडतं.

नांदेडचा_फोटोवाला

दुसरं सोपं आहे. तो फोनचा ऑटो एक्स्पोजर. पांढरं पीठ एकटं दिसलं की फोन म्हणतो फार उजेड, आणि चित्र काळं करतो. सावळा हात आत आला की उलटं करतो. शूटिंगच्या आधी आईला हात परातीत ठेवायला सांगा, उंड्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक झाल्याचं स्क्रीनवर येईपर्यंत. मग सूर्याची खूण जराशी खाली ओढा, पिठाचे कण दिसू लागेपर्यंत. हात थोडा काळा वाटला तरी चालेल. काळा हात एडिटिंगमध्ये उजळता येतो, पण फटक पांढरं झालेलं पीठ परत मिळत नाही.

डोक्याचं सांगण्याआधी मला उंची सांगा. परातीपासून लेन्स किती, आणि परात केवढी?

मीरा_परभणी

परात १६ इंची. लेन्स परातीपासून साधारण अडीच फूट. आडवं शूट करतेय, नेहमीच्या १x लेन्सनं.

नांदेडचा_फोटोवाला

उंची छान आहे. अडीच फुटांवरून १x लेन्स साधारण तीन फूट रुंद आणि दीड-पावणेदोन फूट खोल जागा बघते. त्यात तुमची परात बसते आणि दोन्ही बाजूंना पिठाचा डबा, पाण्याची वाटी ठेवायला जागा उरते. खाली आणू नका, परात कापली जाईल.

डोकं येतं कारण पाइप आईच्या फार जवळ आहे. खाली बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर असतं आणि तुमची लेन्सही तिथंच आहे. वाकलं की धडक. परात आणि पाइप दोन्ही दाराकडं वीतभर सरकवा. मग परात फ्रेमच्या मधोमध न ठेवता खालच्या कडेकडं ठेवा, आणि वर डबे-वाट्या येऊ द्या. आईचे हात थोडे लांब जातील, पण डोकं मागं राहील. मळताना ती जास्त वाकेल, थापताना कमी. मळण्याचा भाग वेगळा, कोनातून घ्या.

आणि लेन्स नेमकी सरळ खाली बघतेय का, ते बघायला परातीच्या जागी आरसा ठेवा. स्क्रीनच्या मधोमध फोनची स्वतःची लेन्स दिसली की सरळ आहे. कडेला दिसली तर तिरपी, आणि मग परात गोल दिसणार नाही.

लातूरचा_मास्टर

आरशाची युक्ती भारी आहे काका. मी आजवर ओळंबा लावत होतो.

उमरग्याचा_शेतकरी

आमच्याकडं येळवशीला भज्जी, उंडे, आंबील शेतातच होतात. गेल्या येळवशीला बायकोनं असंच वरून शूट करायचं ठरवलं. वळणाऱ्या मानेचा होल्डर भज्जीच्या पातेल्यावर. मान हळूहळू वाकत गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि फोन भज्जीत. फोन गेला आणि भज्जीही गेली, चाळीस माणसांची. ताई, पाइपाला फोन सुतळीनं वेगळा बांधा. क्लॅम्प सुटला तरी लोंबकळेल, खाली पडणार नाही.

आणि माझा प्रश्न. उघड्यावर, दुपारच्या उन्हात असं शूट कसं करायचं? तिथं दार नाही, भिंत नाही.

गंगाखेडचा_गण्या

चाळीस माणसांची भज्जी! दादा, त्या फोनला नंतर कशाचा वास यायचा ते सांगू नका.

नांदेडचा_फोटोवाला

दादा, डोक्यावर पांढरं धोतर चार काठ्यांवर ताणून बांधा, परातीपासून चार-पाच फुटांवर. थेट ऊन त्यातून गाळून येतं. झाडाखाली बसू नका, पानांमधून येणारे उन्हाचे ठिपके पिठावर नाचतात आणि हिरवट झाकही येते. वारा असला तर धोतर फडफडतं आणि उजेड हलतो, त्यावर माझ्याकडं नीट उपाय नाही.

अंबाजोगाईची_वैशाली

मीरा, उजेड जमलाय तर आता वेगाचं बोलू या, कारण तिथं मी जास्त चुकले. माझा पहिला भाकरीचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. कुणीही पूर्ण बघितला नाही, माझ्या बहिणीनंसुद्धा.

मग मी सगळं आठ पट वेगानं पळवलं. हात माशीसारखे दिसायला लागले आणि थापेचा आवाज गेला. भाकरी थापण्याचा ताल हाच तर शिकायचा असतो. आता मी पळवत नाही, कापते. मळणं चार मिनिटांचं असतं, त्यातले तीन तुकडे ठेवते. पाणी घातलं तो, पीठ भुरभुरीत झालं तो, आणि तळहाताच्या टाचेनं रगडून गोळा मऊ झाला तो. मिळून पंधरा सेकंद. थापणं मात्र मूळ वेगानं, सलग, कारण कड कशी पातळ होते आणि भाकरी आपोआप कशी फिरते ते तुटक दाखवलं की कळत नाही. आणि तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात फिरवणं, ते सुकायला लागलं की उलटणं, हे दोन क्षण अजिबात कापायचे नाहीत. सगळ्या नवशिक्यांची भाकरी तिथंच बिघडते. पाणी पूर्ण सुकू दिलं की भाकरी वातड होते आणि चिरते.

मीरा_परभणी

वैशालीताई, मी आईला म्हणाले, 'जरा हळू थाप, नीट दिसू दे.' ती हळू थापायला लागली आणि भाकरीच्या कडा चिरल्या. ती वैतागली. 'हळू केलं की पीठ सुकतंय, तुझ्या फोनसाठी भाकर खराब करू का' म्हणाली.

नलूमावशी

बघ, मी म्हटलं होतं ना चिरते म्हणून!

अंबाजोगाईची_वैशाली

मावशी जिंकल्या 😊

मीरा, आईला वेग बदलायला कधीच सांगू नकोस. ज्वारीचं पीठ वाट बघत नाही. त्याऐवजी आई एका वेळी किती भाकरी करते? आठ-दहा तरी असतील. मग पहिली पूर्ण वरून घे. दुसरी फोन थोडा खाली आणून फक्त बोटं आणि भाकरीची कड. तिसरी कडेनं. सगळे तुकडे नंतर एकाच भाकरीचे वाटतील, फक्त बांगड्या त्याच, पदर तसाच, पाण्याची वाटी त्याच जागी राहू दे. माझ्या एका व्हिडिओत वाटी क्षणात डावीकडून उजवीकडं गेली, आणि प्रतिक्रियांमध्ये लोक त्याच्यावरच बोलत होते.

आणि आईला एकच सवय लाव. प्रत्येक काम संपलं की हात दोन आकडे मोजेपर्यंत स्थिर ठेवायचे किंवा फ्रेमबाहेर न्यायचे. तिथं कात्री स्वच्छ चालते. हात अर्धवट हवेत असताना कापलं की झटका बसतो. पीठ घेताना वाटी कॅमेऱ्याकडं जराशी तिरपी करून आत किती आहे ते दाखव, मग ओत. वरून सरळ ओतलं तर वाटीची पाठच दिसते.

देवगिरी७

आणि भाकरी फुगते ते वरून कसं दिसणार? मीराताईंना पापुद्राच टिपायचा आहे ना? पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंय.

नांदेडचा_फोटोवाला

देवगिरी७, हे फार बरोबर पकडलंत. मीच विसरलो होतो. वरून उंची दिसतच नाही. फुगलेली भाकरी आणि न फुगलेली भाकरी, वरून दोन्ही गोलच दिसतात. फार तर डाग बदलताना दिसतील. फुगण्याचा शॉट कडेनं, तव्याच्या उंचीला, मागं काहीतरी गडद ठेवून घ्यावा लागेल. उजेड भाकरीच्या मागच्या बाजूनं आला तर वाफही दिसते. तोच फोन वापरायचा तर आई थांबणार नाही, म्हणून पुढच्या भाकरीला घ्या.

आणि तव्यावर फोन सरळ वर ठेवू नका. वाफेनं लेन्स धुरकट होते, फोन तापतो आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद पडू शकतं.

सागर_जालना

उभं का आडवं, ते कुणी बोललंच नाही. आता लोक उभंच बघतात. १६ इंची परात आडव्या फ्रेममध्ये म्हणजे मोबाइलवर बशीएवढी दिसते.

अंबाजोगाईची_वैशाली

मी उभंच घेते. अडीच फुटांवरून उभ्या फ्रेमची रुंदी दीड-पावणेदोन फूट, म्हणजे परात जेमतेम बसते, पण मोठी दिसते. कोपरं कापली जातात, ती जाऊ देत.

नांदेडचा_फोटोवाला

कोपरं कापू नका. थापताना जोर कोपरातून येतो, ते दिसलं पाहिजे. आणि उभ्या फ्रेममध्ये खालच्या कडेनं आईचा पदर आणि डोकं परत आत येईल. मी आडवंच घेईन.

लातूरचा_मास्टर

माझ्या कटिंगला आडवं, शिलाईला उभं. दोघंही बरोबर आहात असं म्हणणार नाही, कारण हे कापडावर ठरतं आणि तुमच्याकडं भाकर आहे. 😄

मीरा_परभणी

काल परत केलं. पहिल्यांदा वाटलं की हे कुणाला दाखवता येईल.

परात आणि पाइप दाराकडं वीतभर सरकवले, आरसा ठेवून लेन्स सरळ केली, सुतळी बांधली, स्टुलांच्या पायांवर ज्वारीच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या ठेवल्या. स्टीलच्या परातीऐवजी आजीची लाकडी काठवट काढली, तिच्यावर चकाकीच नाही आणि पांढरं पीठ काय उठून दिसतं! साडेनऊला सुरू केलं. दहाला समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन आलं आणि तिथून जोराचा उजेड दारात, मग आजोबांचं जुनं धोतर दाराला लावलं. आडवंच घेतलं, कोपरांसकट.

तीन भाकरी वरून, दोन जवळून, एक कडेनं. फुगण्याचा शॉट कडेनं मिळाला. पापुद्रा सुटून वर येतो, आत वाफ फिरते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, ते अगदी स्वच्छ दिसतं. एकूण पाऊण तासाचं शूटिंग झालं, त्याचा व्हिडिओ दोन मिनिटं दहा सेकंदांचा झाला.

रात्री आईला दाखवला. तिनं दोनदा पाहिला. मग वरून घेतलेल्या तिसऱ्या भाकरीवर थांबवायला लावलं आणि बोट ठेवलं: 'इथं बघ, कडंला पाण्याचा हात फिरलाच नाही माझा.' खरंच, वरून पाण्याचा ओला गोल स्पष्ट दिसतो आणि एका बाजूला चार बोटं कोरडी कड राहिली आहे. ती भाकरी तिथंच चिरली होती. चाळीस वर्षं थापतेय, पण हे वरून कधी बघितलं नव्हतं म्हणाली.

एकच राहिलंय. गावी चुलीवर करायचंय, आणि तिथं स्वयंपाकघरात पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या रेघा आणि धूर आहे. दार पूर्वेला. काय करू?

उमरग्याचा_शेतकरी

दार पूर्वेला असेल तर सकाळी थेट ऊन आत येतं. आमचंही तसंच आहे. आम्ही दुपारी चारनंतर करतो. धुराचं मलाही ऐकायचंय.

नांदेडचा_फोटोवाला

पत्र्याच्या फटींवर वरून गोणपाट टाका, रेघा जातील. चारनंतरची वेळ बरोबर आहे. धुराच्या मागून उजेड असला की त्याचा पांढरा पडदा होतो, म्हणून चुलीजवळ उजेड कॅमेऱ्याच्या समोरून नको, कडेनं. सुकी तुरकाठी वापरा, ओलं सरपण नको. जाळ फ्रेममध्ये आला तर एक्स्पोजर परत नाचेल, लॉक करूनच ठेवा. तरी मी चुलीवर वरून कधीच केलेलं नाही, त्यामुळं एक रविवार आधी नुसता फोन लावून, आई न बसता, चूल पेटवून बघा.

नलूमावशी

आणि पीठ ताजं दळून ने गावाला.

मीरा_परभणी

नेते मावशी. मालदांडीच.